दीड कोयता

जानेवारीत माजलगावकडून गावी येत होतो. एका फाट्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं आणि उसाने भरलेला एक ट्रॅक्टर नको त्या बाजूला वळून अडकला होता. पुढे खडीचा ढीग, मागे एसटी, एसटीमागे आम्ही सगळे. खाली उतरलेला एक जण हातवारे करत ओरडत होता, आणि सीटवर मिसरूड फुटलेलं एक पोरगं मान पूर्ण मागे वळवून ट्रॉली रिव्हर्स घेत होतं. ज्याने कधी ट्रॉली मागे घेतलीय त्यालाच ते माहीत. ट्रॉलीची मागची बाजू उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं, आणि ट्रॉली वळू लागली की लगेच उलटं फिरवून तिच्या मागे जायचं. जरा उशीर झाला की ट्रॉली ट्रॅक्टरवरच दुमडते. त्या पोराने तीन दमांत ट्रॉली बाहेर काढली. कुणीतरी शिट्टी वाजवली. उसाच्या चिपाडाचा गोडसर, आंबूस वास आणि डिझेलचा धूर एकत्र नाकात गेला. मी गाडी पुढे घेणार तेवढ्यात वरून आवाज आला, "सर, वळखलं का?"

ओळखलं. नववीत माझ्या वर्गात होता. इथे त्याला दत्ता म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. काय कसं चाललंय, आईबाप कुठल्या कारखान्याला गेलेत, असं दोन मिनिटं बोललो. मागे हॉर्न सुरू झाले. निघता निघता त्याने विचारलं, "सर, माहं नाव अजून हजेरीत हाय का वो?"

मी म्हणालो, "हाय की."

नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तो वर्गात आला नाही, आणि पुढे गळतीचा तक्ता भरायची वेळ आली तेव्हा त्याच्या नावापुढे 'कारण' या रकान्यात मीच लिहिलं होतं : शिक्षणात रस नाही. रकाना बोटभर रुंदीचा. तीन शब्द बरोबर बसले. अशा तक्त्यांत आम्ही मास्तर लोक ठरावीक चार-पाच कारणं आलटून पालटून लिहितो, आणि वरून कधी कुणी विचारत नाही. पण त्या रात्री जेवताना माझ्या डोळ्यांपुढे तो तक्ता येत राहिला. ज्याला रस नाही तो दोन वर्षांनी हजेरीपटाची चौकशी कशाला करेल?

हे असंच विरून गेलं असतं. पण फेब्रुवारीत मुलगी संभाजीनगरहून सुट्टीला आली. ती बी.एड. करतेय. तिला प्रात्यक्षिक वहीत एकात एक पाच वर्तुळं काढायची होती आणि तिच्या कंपासचा स्क्रू ढिला होता. "पप्पा, तुम्ही गणिताचे ना, काढून द्या." मी काढली. मग ती आत काय लिहितेय ते बघत बसलो. मधोमध मूल. पहिल्या वर्तुळात ज्यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येतो ते : घर, वर्ग, मित्र. दुसऱ्या वर्तुळात या सगळ्यांचं आपसातलं नातं, म्हणजे घर आणि शाळा एकमेकांशी बोलतात का. तिसऱ्यात अशा जागा जिथे मूल स्वतः कधी बसत नाही, पण तिथे जे ठरतं ते त्याच्या ताटात येऊन पडतं. चौथ्यात सगळ्यांना वेढून असलेल्या रीती, कायदे, जातपात, पैशाची व्यवस्था. आणि पाचवा काळ : काय घडलं यापेक्षा ते कुठल्या वयात, कशाच्या पाठोपाठ घडलं.

हे मांडणारे मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर. १९१७ साली मॉस्कोत जन्म, सहाव्या वर्षी अमेरिकेत. त्यांचे वडील न्यूयॉर्क राज्यात मतिमंदांच्या एका संस्थेत डॉक्टर होते, आणि मुलगा त्याच आवारात वाढला. मुलीच्या नोट्समध्ये एवढं एका ओळीत होतं. मी नंतर शोधून वाचलं तेव्हा पुढचं कळलं. कधीकधी कोर्टाच्या चुकीने धडधाकट मुलं त्या संस्थेत यायची. चूक निस्तरेपर्यंत काही आठवडे जायचे, आणि तेवढ्यात ती मुलं चाचणीत खरोखर मंद ठरायची. म्हणजे सुटकेची वाटच बंद. त्यातली काही पुढे तिथल्या नोकरदारांच्या घरी कामाला जायची, ब्रॉन्फेनब्रेनरांच्या घरीही, आणि तिथे माणसांत राहून त्यांचे गुण पुन्हा वर यायचे. पोर तेच, बुद्धी तीच, भोवताल बदलला. १९७९ च्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी हे सांगितलंय. वाचलं आणि मला माझा तक्ता आठवला. माझाही तो एक चाचणीचा निकालच होता.

तरी गणिताचा मास्तर म्हणून मला त्या आकृतीत एक गोष्ट खटकली. नववीच्या बीजगणिताचा पहिला धडा संच. जुलैमध्ये मी फळ्यावर वेन आकृत्या काढतो. एकात एक वर्तुळं म्हणजे उपसंच, एकमेकांवर चढलेली वर्तुळं म्हणजे छेद. ब्रॉन्फेनब्रेनरांचं दुसरं वर्तुळ खरं तर छेद आहे. घर नावाचा एक संच, शाळा नावाचा दुसरा, आणि त्यांच्यात सामाईक किती घटक. तो छेद रिकामा असेल तर बाकी सगळी वर्तुळं कितीही सुबक काढा, काय उपयोग.

वैशाखात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर मी दत्ताच्या गावी गेलो. आमच्या हायस्कूलपासून पाच किलोमीटर, बालाघाटाच्या कुशीत. रस्त्यात पळसाची वाळकी पानं, करपलेली कुसळं, पाण्याचा एक टँकर. त्याची माय दारात वाळवण घालत होती. मला बघून तिने पदर सावरला, आत चटई टाकली आणि पहिलं वाक्य बोलली, "काय केलं का पोरानं?" मास्तर घरी येतो तो तक्रार घेऊनच, हे तिने धरूनच ठेवलं होतं. चुकीचंही नव्हतं. मी त्या गावात आजवर दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा पटनोंदणीला.

तिच्याकडून जे कळलं ते असं. दत्ता पहिलीपासून आठवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. आईबाप दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जायचे, पाडव्याच्या पुढेमागे यायचे. हा मागे आजीपाशी. हंगामी वसतिगृहामुळे त्या महिन्यांत जेवायची सोय शाळेकडून व्हायची, उरलेलं थोरली बहीण बघायची. आठ वर्षं हे चाललं. आठवीनंतर गावात शाळा नाही आणि वसतिगृहाची सोयही आठवीपर्यंतचीच. त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. कर्ज झालं. आषाढात बाप मुकादमाच्या ओसरीवर उचल घ्यायला गेला. नवराबायको मिळून एक कोयता. एका कोयत्यावर जी उचल मिळत होती तिच्यात लग्नाचं देणं फिटत नव्हतं. मुकादम म्हणाला, पोरगं हाय की, अर्धा कोयता धर. दीड कोयत्याची उचल झाली. कागदावर अंगठा झाला.

आषाढ म्हणजे जुलै. मी वर्गात उपसंच शिकवत होतो आणि तो तिसऱ्या बाकावर बसून वर्तुळं काढत होता. त्याच आठवड्यात, जिथे तो नव्हता अशा एका ओसरीवर, त्याची शाळा सुटली होती. आम्हाला ते दिवाळीनंतर कळलं. मी गैरहजेरी मांडायला सुरुवात केली ती नोव्हेंबरात, आणि निर्णय होऊन चार महिने झाले होते. गळती म्हणजे नळ टपकावा तसं काहीतरी समोर दिसतं अशी आपली समजूत असते. इथे पाणी कधीच दुसऱ्या पाटाला लावलेलं होतं.

"मग पोरानं काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"त्याला काय इचारायचं? पण म्हातारी बोलली. म्हणली, मी सांभाळते, त्याला राहू द्या. बापाचं बी मन व्हत नव्हतं. म्हणला, दिवाळीपतूर बघू, दुसरा गडी गावला तर गावला. आन् मग भादव्यात म्हातारीच गेली."

ती आजी मला आठवत होती. प्रवेशाच्या वेळी तीच आली होती. जाड भिंगाचा चष्मा, एका दांडीला दोरा. अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी तिचा अंगठा. पुन्हा एकदा श्रावणात आली, पदरात भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन, आणि दारातून विचारलं, "लेकराला जमतंय का?" मी तास सोडून बाहेर आलो नाही. मान हलवली. तिने शेंगा उंबऱ्यावर ठेवल्या आणि गेली. दत्ताच्या घराच्या आणि माझ्या शाळेच्या दोन वर्तुळांत सामाईक जे काही होतं ते ही एक बाई होती. आमच्या पालकसभा जानेवारीत होतात, तेव्हा अर्धे पालक फडात असतात. सभेच्या वहीत आम्ही लिहितो : पालकांची उदासीनता.

यातलं सर्वांत लाजिरवाणं मात्र मला घरी परतल्यावर, जुना प्रवेश अर्ज काढल्यावर दिसलं. पालकाचा मोबाइल नंबर म्हणून अर्जावर जो लिहिला होता तो मुकादमाचा होता. आजीकडे फोन नव्हता, बापाचा रिचार्जविना बंद असायचा, म्हणून गावात ज्याचा नंबर कायम लागतो त्याचा दिला. दिवाळीनंतर मी त्या नंबरवर दोनदा फोन केल्याचं मला नीट आठवतं. समोरचा अत्यंत अदबीने बोलला होता, "व्हय सर, सांगतो त्याच्या बापाला. शिक्षण पाहिजेच की." मी समाधानाने फोन ठेवला होता. मी पालकांशी संपर्क साधला, अशी नोंदही केली. शाळेचा निरोप ज्या माणसाच्या हाती गेला त्याचा फायदाच पोरगं फडात असण्यात होता. यात त्याला खलनायक करण्यात मला रस नाही. त्याच्याही डोक्यावर कारखान्याकडून घेतलेली उचल असते, टोळी कमी पडली की तोही बुडतो. पण आमच्या हातात तक्ता आणि त्याच्या हातात नंबर, ही वाटणी आम्ही किती सहज मान्य केली.

काळाच्या वर्तुळाबद्दल एक. शाळेच्या दाखल्यावर दत्ताची जन्मतारीख १ जून आहे. आमच्या भागात वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून असते, कारण नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वय धरून तीच लिहिलेली असते. आणि मोफत, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी. त्या तारखेप्रमाणे दत्ता नववीत आला त्या जूनमध्येच चौदा पुरा झाला. म्हणजे कुणा गुरुजींनी कधी तरी टेबलावर बसून ठरवलेल्या तारखेला कायद्याचा हात सुटला, त्याच महिन्यात जवळची शाळा सुटली, वसतिगृह सुटलं, बहीण गेली, आणि तीन महिन्यांनी आजी. यातली एकेक गोष्ट वेगवेगळ्या वर्षी घडती तर कदाचित तो तरलाही असता. पाचवीत आजी गेली असती तर वसतिगृह होतं. आजी असताना शाळा दूर गेली असती तर पाच किलोमीटर चालणं काही मोठं नव्हतं. सगळं एकाच चार महिन्यांत आलं.

इथपर्यंत मला हा सिद्धांत फार आवडला होता, खरं सांगायचं तर सोयीचाही वाटला होता. एवढी वर्तुळं असली की मास्तराचा वाटा पातळ होत जातो. सगळंच कारण आहे म्हटलं की कुणीच कारण उरत नाही. पण ब्रॉन्फेनब्रेनरांनीच पुढे, १९८६ साली, तक्रार केली की पूर्वी लोक मुलाचा विकास भोवतालाविना अभ्यासायचे, आता नुसता भोवताल अभ्यासतात आणि त्यातून मूलच गायब झालंय. नंतर त्यांनी भर दिला तो अगदी आतल्या गोष्टीवर : मुलाचं कुणाशी किंवा कशाशी तरी रोजचं, दीर्घकाळ चालणारं आणि हळूहळू अवघड होत जाणारं देणंघेणं. विकास घडतो तो तिथे. बाहेरची वर्तुळं त्याला बळ देतात किंवा ते तोडतात.

मग मला ऑक्टोबरातला एक दिवस आठवला. सहामाहीच्या आधी बहुपदी चालू होत्या. मधल्या सुट्टीत दत्ता वही घेऊन आला. बहुपदीची कोटी कशी काढायची ते त्याला कळलं नव्हतं. मी चहा पीत होतो. मी म्हणालो, "तू आता जाणारच ना दिवाळीला? आल्यावर बघू." मी हे रागाने म्हटलं नाही. आमच्याकडे सहामाहीच्या आधी कोण कोण जाणार याचे हात वर करून घ्यायची पद्धतच आहे, पट सांभाळायला सोयीचं पडतं. त्याने हात वर केला नव्हता हे मला आता आठवतं. दुसरा गडी गावेल अशी तेव्हा अजून आशा होती.

माय बोलत असतानाच दत्ता आला. खांद्यावर गमछा, हाताला ग्रीस. मला बघून दचकला, मग पाया पडायला वाकला. मायने सांगितलेली सगळी गोष्ट त्याने दारात उभं राहून ऐकली असावी, कारण तो एकदम म्हणाला, "तसं काय न्हाई सर. मलाच जायचं व्हतं."

यावर काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही. चौदा-पंधराच्या पोराला आपल्याबद्दलचा निर्णय आपला होता असंच म्हणायचं असतं, दुसऱ्या कुणी आपल्याला ओसरीवर मोजलं हे कबूल करणं जड जातं, असं एक मन म्हणतं. पण ते पूर्ण खरं नाही. त्याने सांगितलं, पहिल्या हंगामात मोळ्या बांधून आणि डोक्यावरून गाडीत चढवून मान अशी आखडायची की रात्री कोपीत कुशीवर वळता यायचं नाही. उचल फिटली नाही. पण मुकादमाच्या वहीत त्याचं नाव होतं, आणि बाप त्याला विचारून बाजार करायला लागला. वर्गात मात्र तो सर्वांत उंच, शेवटच्या रांगेत जायच्या वाटेवर. पुढच्या हंगामात एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला जोडीला घेतलं. आधी नुसतं ट्रॉलीचं हूक आणि पिन, मग साखळदंड आवळणं, मग रिकामा ट्रॅक्टर शेतात, मग रिकामी ट्रॉली मागे घेणं, आणि शेवटी भरलेली. "वरडायचा लई," दत्ता म्हणाला, "पण चुकलं की पुन्हा घ्यायला लावायचा. रोज." रोज, दीर्घकाळ, हळूहळू अवघड. व्याख्येतला एकेक शब्द तिथे होता, लायसन नसलेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या बाबतीत, रात्री दोनला, झोपेने डोळे मिटत असताना. मी त्याचं कौतुक करत नाहीये. एवढंच दिसलं की शिकण्यात त्याला रस होता आणि तो मी सोडून दुसऱ्याने वापरला.

वर्तुळांनी सगळं उलगडतं असंही नाही. त्याच्याच गावचा, त्याच्याच टोळीतला, त्याच्याच जातीचा आणि तेवढ्याच कोरडवाहू जमिनीचा एक पोरगा त्याच वर्गात होता. त्याचेही आईबाप जातात. तो दहावी झाला. दोघांच्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर बाहेरची वर्तुळं जवळपास सारखी. फरक एकच सापडतो : त्याचा मामा आमच्या गावात किराणा दुकान चालवतो, आणि मास्तर रोज संध्याकाळी त्या दुकानावर असतात. पुडी बांधता बांधता मामा विचारतो, "कसं काय भाच्याचं?" एका उदाहरणावरून नियम काढायचा नसतो, हे मीच पोरांना शिकवतो. तरी तो मामा माझ्या डोक्यातून जात नाही.

तक्त्यातला रकाना मला बदलता आला नाही. ते वर्ष बंद झालंय, माहिती कधीच वर गेली. दत्ताला मी सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितलं, बाहेरून दहावीला बसता येतं म्हणून. त्याने ऐकून घेतलं. "बघू की सर," म्हणाला, अगदी मी म्हणायचो त्याच सुरात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो शाळेत आला. मोटरसायकलवर, मागे धाकटा भाऊ, नव्या दप्तराचा प्लास्टिकचा वास. धाकटा आजवर आत्याच्या गावी होता, आठवी झाली. नववीत नाव घालायचं होतं. दिवाळीनंतर राहायचं कुठे, मी विचारलं. ट्रॅक्टरमालकाचा शेतातला आखाडा इथून जवळच आहे, तिथे, रात्री मी असतोच की, तो म्हणाला. रात्री तो कुठे असतो ते मी जानेवारीत पाहिलं होतं, पण बोललो नाही. अर्ज त्यानेच भरला, टेबलाशी उभं राहून, जीभ दातांत धरून. 'ध' अजूनही 'घ'सारखाच काढतो. पालकाची सही या जागी त्याने स्वतःची सही केली आणि नातं : भाऊ. अठरा पुरी नाहीत त्याला, दाखल्यावरच्या १ जूननेही नाहीत. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज ओढून घेतला.

मोबाइल नंबरच्या चौकटींत त्याने एकेक आकडा सावकाश भरला, मग कागद माझ्याकडे फिरवला.

"हा माहा हाय सर. काय बी असलं तर मला लावा. मुकादमाला नगं."